स्लॅब पडायच्या आधी पॉइंट ठरवा: लाईट, पंखा, कूलर, नेट आणि कॅमेऱ्याच्या पाइपचं नियोजन

आपल्याकडे वायरमनला बांधकामावर बोलावतात तेव्हा भिंती उभ्या असतात आणि गवंडी गिलाव्याची तयारी करत असतो. तोपर्यंत पंख्यांच्या जागा स्लॅबमध्ये कायमच्या बसलेल्या असतात आणि नेटचा पाइप कुणाच्या डोक्यातही आलेला नसतो. मग नव्या रंगावरून पांढऱ्या पट्ट्या धावतात, खिडकीला भोक पाडून केबल आत येते आणि कूलरसाठी एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर लोळतो.

यात वायरमनचा दोष थोडा आणि हिशेबाच्या पद्धतीचा जास्त. काम पॉइंटच्या दराने दिलं असेल, तर ज्या पाइपच्या टोकाला स्विच नाही तो पाइप त्याच्या हिशेबात पॉइंटच नसतो. नेट आणि कॅमेऱ्याचे पाइप म्हणूनच गळतात. काम चौरस फुटाच्या दराने दिलं असेल, तर पॉइंट जितके कमी तितकं त्याला परवडतं. दर कुठलाही ठरवा, पण रिकाम्या पाइपचा दर बोलणीतच वेगळा ठरवून कागदावर लिहून घ्या.

पुढच्या सगळ्या टप्प्यांसाठी आपण परभणीकडचं एक घर समोर ठेवू. तळमजला, वर एक मजला नंतर. हॉल 11 बाय 16 फूट, दोन बेडरूम 10 बाय 12 च्या, स्वयंपाकघर, मधे बोळ, बाहेरून जिना. वीज मधूनमधून जाते आणि उन्हाळ्यात कूलरशिवाय भागत नाही.

## 1. आधी सामान मांडा, मग पॉइंट

नकाशावर थेट पॉइंट मारू नका. आधी त्यावर पेन्सिलीने पलंग, कपाट, टीव्ही, फ्रीज, ओटा, देवघर, वॉशिंग मशीन आणि कूलरची खिडकी काढा. मापं अंदाजे चालतील, जागा मात्र पक्क्या हव्यात. त्यानंतर प्रत्येक दाराचं पान कोणत्या बाजूला उघडणार ते बाणाने दाखवा. सुतार चौकट नंतर बसवतो आणि आपल्या सोयीने बिजागरी लावतो. मग दार उघडलं की मेन बोर्ड दारामागे जातो आणि रात्री आत आलेला माणूस अंधारात दार ढकलून स्विच शोधत बसतो. ही चूक इतकी जुनी आहे, तरी नव्या घरांत आजही दिसते.

कपाट आणि पलंग काढल्याशिवाय पंख्याची जागाही ठरत नाही. आपल्या बेडरूममध्ये 10 फुटी भिंतीला लागून दोन फूट खोल कपाट येणार आहे. म्हणजे माणसांसाठी उरलेली खोली 10 बाय 10 ची. पंखा 12 फुटांच्या मध्यावर, म्हणजे सहा फुटांवर घेतला, तर तो कपाटाकडे सरकतो आणि पलंगाच्या कडेला वारा कमी लागतो. कपाटासमोरच्या भिंतीपासून पाच फुटांवर घ्या. एका फुटाचा हा फरक स्लॅब पडल्यावर दुरुस्त होत नाही.

हॉल 16 फूट लांब आहे. मधे एकच पंखा घेतला तर दोन्ही टोकांना बसणाऱ्यांना घाम फुटतो. दोन पंखे घ्या, एका आखूड भिंतीपासून चार आणि बारा फुटांवर, रुंदीच्या मध्यावर. 1200 मिलिमीटरच्या पंख्याचं पातं केंद्रापासून दोन फूट जातं, त्यामुळे दोन पंख्यांच्या पात्यांमध्ये चार फूट अंतर राहतं आणि बाजूच्या भिंतीपासून साडेतीन फूट.

तपासा: पात्याच्या वरच्या अंगाला आणि पंख्याजवळ छतात लाईट घेतला, तर पातं फिरताना सावली नाचते आणि खाली वाचणाऱ्याचे डोळे दुखतात. भिंतीवरची ट्यूब साडेसात फुटांवर घ्या. दहा फुटांच्या छताला पंखा टांगल्यावर पातं पावणेनऊ-नऊ फुटांवर येतं, म्हणजे ट्यूब त्याच्या खाली राहते.

## 2. सेंट्रिंगवरचं काम

क्रम असा ठेवा: प्लेटा लागल्या, त्यावर खडूने भिंतींच्या रेघा, पंख्यांची केंद्रं आणि पाइप खाली उतरायच्या जागा. मग फॅन बॉक्स प्लेटवर पक्के. त्यावर सळई. सळईचं खालचं जाळं बांधून झालं की त्यावर पाइप. सळई आधी बांधली तर खडूच्या खुणा झाकल्या जातात, आणि मग वायरमन डोळ्यांच्या अंदाजाने बॉक्स बसवतो.

फॅन बॉक्सचा हूक सळईवर अडकलेला असावा, नुसता काँक्रीटच्या भरवशावर नको. बॉक्समध्ये कागद किंवा थर्माकोल ठासून भरा आणि झाकण चिकटपट्टीने बंद करा. नाहीतर सिमेंटचं पाणी शिरून बॉक्सचा दगड होतो.

स्लॅबसाठी 25 मिलिमीटरचा जाड पाइप घ्या, आयएसआयचा शिक्का पाहून. पातळ पाइप मजुराच्या पायाखाली दबतो, आणि ते तुम्हाला वायर अडकल्यावरच कळतं. कोपऱ्यात काटकोनी एल्बो टाकू नका, लांब बेंड घ्या. दोन बॉक्सच्या मध्ये दोनपेक्षा जास्त काटकोनी वळणं आली तर तिथे एक बॉक्स वाढवा. जोडांना सोल्यूशन लावलेलंच हवं, नुसते दाबून बसवलेले जोड व्हायब्रेटर लागला की सुटतात. तीन-चार पाइप एकमेकांना चिकटवून एकत्र नेऊ नका, त्यांच्यात काँक्रीट शिरेल एवढी जागा ठेवा. पाइपसाठी सळई कापायची किंवा सरकवायची नाही.

आता या टप्प्यातली सगळ्यात महागडी चूक. वरून आलेला पाइप बीममधून उभा खाली उतरतो आणि खालच्या भिंतीत जातो. बीम नऊ इंची असतो, पण त्याखालची आतली भिंत बऱ्याचदा चार इंची असते आणि ती बीमच्या एका बाजूला सरळ लावलेली असते. वायरमनने पाइप बीमच्या मध्यावर सोडला, की खाली तो भिंतीच्या कडेवर किंवा चक्क बाहेर निघतो. म्हणून प्लेटवर बीमची नव्हे, तर भिंतीची मध्यरेघ मारून घ्या. भिंत बीमच्या कोणत्या अंगाला येणार हे गवंड्याला विचारा आणि तो समोर असतानाच खूण करा.

वरचा मजला नंतर होणार असेल तर गच्चीपर्यंत तीन रिकामे पाइप आत्ताच सोडा: डीबी म्हणजे घरभर वीज वाटणाऱ्या पेटीच्या जागेपासून एक वरच्या मजल्याच्या मेन लाइनसाठी आणि एक सोलरसाठी, आणि बोळातल्या नेटच्या जागेपासून एक नेटसाठी. गच्चीवरची टोकं फूटभर उंच, तोंड खाली वळवलेलं आणि टोपण लावलेलं असावं. उघड्या टोकातून पहिल्याच वळवाच्या पावसाचं पाणी थेट डीबीत येतं.

सावध: स्लॅब पडत असताना वायरमनचा एक माणूस वर उभा हवाच. घमेलं घेऊन धावणाऱ्यांच्या पायाने पाइप निखळतात, आणि त्याच मिनिटाला जोडले तरच ते वाचतात. ही अट पैसे ठरवतानाच घाला.

## 3. तयार फरशीची रेघ

भिंती झाल्या, गिलावा व्हायचा आहे. उंचीची मापं घ्यायची ती उघड्या मुरमावरून नाही. मुरूम, मसाला आणि फरशी मिळून जमीन आणखी तीन-चार इंच वर येते, कधी जास्तही. कच्च्या जमिनीवरून चार फुटांवर घेतलेला बोर्ड राहायला गेल्यावर पावणेचार फुटांच्याही खाली आलेला दिसतो. ओट्यावरचे प्लग तर ओट्याच्या दगडालाच टेकतात.

फरशीची अंतिम पातळी मिस्त्रीकडून नक्की करून घ्या. मग लेव्हल पाइपने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, त्या पातळीपासून तीन फुटांवर सगळ्या खोल्यांच्या भिंतींवर एकच रेघ मारा. पुढची सगळी मापं या रेघेवरून. वायरमनला जमिनीवर टेप टेकवू देऊ नका.

मुख्य बोर्ड तयार फरशीपासून चार फुटांवर, चौकटीपासून सहा ते नऊ इंच दूर. पलंगाशेजारी दोन फुटांवर एक छोटा बोर्ड घ्या, त्यात पंखा आणि एका लाईटचा, दारापाशी आणि पलंगापाशी दोन्हीकडून चालणारा टू-वे स्विच आणि मोबाइलसाठी प्लग. ओट्याचा वरचा पृष्ठभाग 34 इंचांवर येणार असेल तर प्लग 43 इंचांच्या आसपास घ्या, आणि गॅस व सिंकच्या थेट वर नको. टीव्हीचे प्लग टीव्हीमागे लपतील असे साडेतीन-चार फुटांवर. गिझर, एसी, वॉशिंग मशीन, फ्रीज आणि मिक्सरचे प्लग 16 अँपिअरचे असू द्या. लाईट-पंख्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट आणि 800 वॅटपेक्षा जास्त भार नको, ही मर्यादा वायरमनला माहीत असते, पण विचारल्याशिवाय तो मोजत नाही.

तपासा: खडूने सगळे बोर्ड मारून झाले की घरातल्या बाईमाणसाला आणि आजी-आजोबांना घेऊन एक फेरी मारा. प्रत्येकाने दारातून आत येऊन हात जातो तिथे बोट ठेवायचं. बोट आणि खडू जुळत नसतील तर खडू पुसा.

## 4. कूलर आणि इन्व्हर्टर

मराठवाड्यातल्या घरात हा टप्पा वेगळा करावा लागतो, कारण पुण्या-मुंबईच्या नमुन्यावर काढलेल्या इलेक्ट्रिकल नकाशात कूलर नसतो.

पत्र्याचा कूलर, आत पाणी, पाण्यात बुडालेला पंप आणि बाहेरच्या ओल्या फरशीवर अनवाणी माणूस. पंपाची वायर कुठे सोलवटली की सगळा पत्रा जिवंत होतो. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं दगावतात ती अशीच. म्हणून प्लगला खरं अर्थिंग हवं, म्हणजे तिसऱ्या पिनची हिरवी वायर डीबीपर्यंत आणि पुढे अर्थच्या खड्ड्यापर्यंत गेलेली हवी. आणि त्या सर्किटवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी, म्हणजे करंट पत्र्यातून किंवा माणसातून जमिनीकडे गळू लागला की वीज तोडणारा स्विच. जादा भाराला पडणारी एमसीबी हे काम करत नाही. माणसाच्या अंगातून जाणारा करंट तिच्या हिशेबात फार छोटा असतो.

प्लगची जागा: खिडकीच्या आतल्या बाजूला, चौकटीपासून फूटभर दूर, चार फुटांवर. खिडकीच्या खाली घेऊ नका, जाळीतून येणारे तुषार आणि वायरवरून ओघळणारं पाणी नेमकं तिथे उतरतं. कूलरला पाणी भरायची नळी ज्या बाजूने येणार त्याच्या विरुद्ध बाजू निवडा. स्विच असा हवा की कूलरला हात न लावता बंद करता येईल. पाणी भरायच्या आधी स्विच बंद करून पिन काढायची, ही सवय प्लग हाताशी असला तरच टिकते.

इन्व्हर्टरवर काय चालणार हे पाइप टाकण्याआधी ठरवायला हवं, कारण त्याची फेज डीबीपासूनच वेगळी फिरते. आपल्या घरात तीन साधे पंखे म्हणजे साधारण 225 वॅट, पाच एलईडी लाईट 50, नेट आणि कॅमेरे मिळून 50. एकूण 325 वॅट. 150 एएचच्या 12 व्होल्ट बॅटरीत कागदावर 1800 वॅट-तास असतात, हाती येतात साधारण साडेअकराशे. म्हणजे साडेतीन तास. त्यात 200 वॅटचा कूलर जोडला की दोन तासांवर येतं. हा हिशेब घरच्यांसमोर मांडा आणि मगच कूलर इन्व्हर्टरवर घ्यायचा का ते ठरवा. कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे घेतले तर आकडे बरेच सुधारतात.

सावध: इन्व्हर्टरच्या सर्किटला न्यूट्रलही वेगळी ओढा. साध्या लाइनची आणि इन्व्हर्टरची न्यूट्रल एखाद्या बोर्डात एकत्र बांधली की आरसीसीबी कारण नसताना पडत राहते. मग कुणीतरी वैतागून तीच काढून टाकतो आणि कूलरचं संरक्षण जातं.

## 5. नेट आणि कॅमेऱ्याचे पाइप

एक जागा ठरवा जिथे सगळे पाइप येऊन मिळतील. आपल्या घरात ती बोळातल्या भिंतीवर, सात फुटांवर. हॉल आणि दोन्ही बेडरूमच्या मधे असल्यामुळे वायफाय सगळीकडे जवळपास सारखं पोचतं. तिथे इन्व्हर्टरच्या फेजवर किमान तीन प्लग द्या. राउटर लोखंडी पेटीत किंवा बंद कपाटात कोंबू नका, मेच्या उकाड्यात ते तापून बंद पडतं. कॅमेऱ्याचा रेकॉर्डर मात्र दर्शनी भागात नको. चोर आधी तोच उचलतो. तो बेडरूमच्या कपाटावर ठेवायचा, हवा खेळेल असा. बोळापासून तिथपर्यंत एक पाइप, आणि तिथेही इन्व्हर्टरवरचा एक प्लग.

आता पाइप मोजू. रस्त्याच्या बाजूने फायबर आत येण्यासाठी एक, हॉलच्या टीव्हीमागे एक, गेटच्या कॅमेऱ्याला एक, मागच्या अंगणाच्या कॅमेऱ्याला एक, जिन्याच्या कॅमेऱ्याला एक, रेकॉर्डरला एक, आणि गच्चीला जाणारा एक जो दुसऱ्या टप्प्यात सोडला. सात झाले. सगळे 25 मिलिमीटरचे आणि प्रत्येक जण थेट बोळापर्यंत. एका कॅमेऱ्यातून पुढच्याला असं साखळीने न्यायचं नाही, एक केबल गेली की पुढचे सगळे आंधळे होतात. कॅट-6 केबल साधारण सहा मिलिमीटर जाडीची असते, त्यामुळे एका पाइपमधून चार आरामात जातात. लांबीची मर्यादा 100 मीटर आहे, आपल्या घरात सगळ्यात लांबचा कॅमेरा 60 फुटांवर.

विजेच्या पाइपमध्ये नेटची केबल कधीही टाकायची नाही, एकाच बॉक्समध्येही नाही. सिग्नल बिघडतो हे दुय्यम कारण. पहिलं कारण हे की आत कुठे इन्शुलेशन सोललं तर 230 व्होल्ट नेटच्या केबलवर येतात. दोन्ही पाइप समांतर जात असतील तर फूटभर अंतर ठेवा, ओलांडायचं असेल तर काटकोनात. नेटच्या पाइपांच्या टोकांना रंगीत टेप गुंडाळून ठेवा, नाहीतर गडबडीत वायरमन त्यातूनच प्लगची लाइन ओढतो.

कॅमेऱ्याची उंची आठ-नऊ फूट. सज्जाच्या खाली घेतला तर ऊन-पावसापासून वाचतो. बारा फुटांच्या वर नेला की फक्त डोकी आणि टोप्या दिसतात. गेटचा कॅमेरा थेट पूर्वेला किंवा पश्चिमेला तोंड करून असेल तर सकाळी किंवा संध्याकाळी चित्र पांढरं पडतं, थोडा तिरका घ्या. प्रत्येक जागी चार बाय चार इंचांचा बंद बॉक्स बसवा म्हणजे जोड त्यात राहतो. पाइपचं शेवटचं टोक बाहेरच्या दिशेने उतरतं असावं. पाणी आत उतरलं तर आधी भिंतीला ओल धरते आणि मग केबल कुजते.

आयपी कॅमेरा पीओई पद्धतीचा घेतला तर त्याच नेटच्या केबलमधून वीजही जाते, बाहेर प्लग लागत नाही. वायफाय कॅमेरा घेणारे मात्र इथे फसतात. नेटची वायर नसली तरी त्याला विजेची लागतेच, म्हणजे सज्जाखाली प्लग हवा. कुठला कॅमेरा घ्यायचा हे ठरलं नसेल तरी रिकामा पाइप टाकून ठेवा.

तपासा: केबल घेताना एक तार ब्लेडने खरवडा. आतून चंदेरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची. पीओईवर अशा केबलमध्ये व्होल्टेज पडतं आणि रात्री कॅमेऱ्याचे लाल दिवे लागले की तो पुन्हापुन्हा बंद-चालू होतो.

वळवाच्या पावसात आपल्याकडे विजा पडतात. गच्चीवर सगळ्यात उंच लोखंडी खांबावर कॅमेरा लावू नका, आणि लाइनवरून येणारा विजेचा झटका झेलणाऱ्या सर्ज अरेस्टरसाठी डीबीत दोन-तीन खाने रिकामे ठेवा.

## 6. कटिंग, बॉक्स आणि गिलाव्याआधीची फेरी

भिंतीतलं कटिंग उभं मारा. आडवं कटिंग भिंतीला कमजोर करतं. उभ्या खाचेची खोली भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. चार इंची भिंतीत दोन्ही बाजूंनी पाठीला पाठ लावून बोर्ड घेतले तर मधे वीटच उरत नाही, एक बोर्ड नऊ इंच बाजूला सरकवा. कॉलम आणि बीमला छिन्नी लावायची नाही.

बॉक्स विटेच्या पातळीला नाही, होणाऱ्या गिलाव्याच्या पातळीला बसवायचा, म्हणजे विटेच्या बाहेर साधारण अर्धा इंच. फार आत गेला तर प्लेटचे स्क्रू पोचत नाहीत, बाहेर आला तर प्लेट भिंतीला टेकत नाही. पाइप बसल्यावर खाच सिमेंटच्या मसाल्याने भरा आणि रुंद असेल तर वरून जाळी मारा, नाहीतर वर्षभरात रंगावर पाइपची रेघ उमटते.

गिलाव्याआधी एक पूर्ण दिवस तपासणीला ठेवा. प्रत्येक पाइपमधून स्प्रिंग घालून दुसऱ्या टोकाला काढा, स्लॅबमधल्याही. अडकली तर स्प्रिंग बाहेर काढून आत गेलेली लांबी मोजा, अडथळा कुठे आहे ते कळतं. भिंतीत असेल तर खाच उघडून तुकडा बदला. स्लॅबमध्ये असेल तर तो फोडू नका, त्या पॉइंटला भिंतीतून दुसरी वाट द्या. नेटच्या सातही पाइपांत नायलॉनची दोरी ओवून दोन्ही टोकं बांधून ठेवा. मग प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, त्यात एक टेप जमिनीपासून उभा आणि एक कोपऱ्यापासून आडवा धरलेला. पडद्याचा रॉड किंवा पाण्याचा फिल्टर लावताना ड्रिल मारायच्या आधी हेच फोटो उघडायचे.

फोटो झाले की बॉक्समध्ये पुन्हा कागद भरा आणि गवंड्याला बोलवा. वायरी गिलावा पूर्ण सुकल्यावरच ओढायच्या. आधी विजेच्या, नेटच्या सगळ्यात शेवटी, आणि नेटची केबल ताकद लावून खेचायची नाही. विजेच्या बोर्डात सहा-आठ इंच, कॅमेऱ्याच्या बॉक्समध्ये फूटभर आणि बोळातल्या जागेवर प्रत्येक केबलची तीन फूट जास्त लांबी सोडून तिच्यावर कॅमेऱ्याचं किंवा खोलीचं नाव लिहा.